साहेबांची सरासरी

रात्री साडेनऊला चीफ केमिस्ट साहेबांनी ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फाइल टाकली. खाली ओळ होती, "उद्या ११ वाजता बोर्ड मीटिंग. सर्वांनी नजर टाकावी." ग्रुपवर आम्ही चौदाजण. शेतकी अधिकारी, चीफ इंजिनिअर, अकाउंटचे दोघे, एम.डी. साहेबांचे पी.ए. मी जेवण उरकून फाइल उघडेपर्यंत चार अंगठे पडलेही होते. फाइल कुणी उघडली होती, देव जाणे.

सातव्या स्लाइडवर हंगामाचा आढावा होता. हंगाम २०२४-२५. एकूण गाळप ३,००,००० मेट्रिक टन. एकूण साखर उत्पादन ३,३६,१२५ क्विंटल. सरासरी साखर उतारा ११.१० टक्के.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माणूस वीस वर्षं बसला की आकडे वाचत नाही, ते आपोआप एकमेकांना भागले जातात. तीन लाख टन म्हणजे तीस लाख क्विंटल ऊस. त्याचे ११.१० टक्के म्हणजे ३,३३,००० क्विंटल साखर. वरच्या ओळीत मात्र ३,३६,१२५ लिहिलेलं. म्हणजे ३,१२५ क्विंटल जास्त. त्या साखरेला तीस लाखांनी भागलं तर उतारा येतो ११.२०. एकाच स्लाइडवरच्या तीन ओळी आपसात भांडत होत्या.

बोट ग्रुपवरच्या रकान्यात गेलंच. "सर, स्लाइड ७ मध्ये उतारा ११.२० हवा" एवढंच टाकलं असतं, तर काम दहा सेकंदांत झालं असतं. आकडा बरोबर झाला असता, आणि चौदा मोबाइलांवर साहेबांची चूक माझ्या नावासकट कायमची राहिली असती. खरं सांगायचं तर क्षणभर त्या दुसऱ्या भागाचा मोहच जास्त होता. साहेबांनी मला कधी त्रास दिला असंही नाही. चूक आपल्याला दिसली, इतर तेराजणांना दिसली नाही, हे कुणालातरी कळावं असं वाटतंच. फोन पालथा ठेवला.

साहेबांविषयी थोडं सांगतो. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. नोकरीला लागले तेव्हा लॅबमध्ये पोलॅरिमीटर होता, ब्रिक्सचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला होता आणि सगळी गणितं वहीत होत होती. पॅनवर उभं राहून शिरा काचेवर घेऊन बघायचे आणि दाणा धरला की नाही ते सांगायचे. ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही. एक्सेल मात्र पन्नाशीनंतर शिकले, तेही मुलाकडून, रविवारी. आणि एकदा शिकल्यावर दुसऱ्याला हात लावू देईनात. स्लाइडा स्वतः करायचे. त्यामुळे ही चूक "कॉम्प्युटरवाल्या पोराची" म्हणून ढकलण्याची सोय नव्हती.

पण थांबा, चूक कशात होती? तीन आकडे जुळत नाहीत एवढं मला दिसलं होतं. त्यातला कोणता चुकलाय, हे कुठे दिसलं होतं? उतारा बरोबर असेल आणि साखर जास्त धरली गेली असेल, असंही होऊ शकतं. मागच्या हंगामातली खराब झालेली किंवा ब्राऊन साखर कधी कधी वितळवून पुन्हा प्रक्रियेत घेतात. ती पोत्यात येते, गोदामात मोजली जाते, पण या हंगामाच्या उताऱ्यात धरायची नसते, कारण ती या उसातून आलेलीच नाही. समजा, तशी ३,१२५ क्विंटल साखर असती, तर साहेबांचा ११.१० बरोबर ठरला असता आणि मी चौदाजणांत तोंडघशी पडलो असतो.

तोंडघशी पडण्याचा अनुभव होताही. आधीच्या कारखान्यात, जिथे डिस्टिलरी होती, तिथली गोष्ट. बी-हेवी मळीपासून इथेनॉल करायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. बी-हेवी म्हणजे सगळी साखर काढून न घेता मधल्याच टप्प्यावर मळी डिस्टिलरीकडे वळवायची. साहजिकच पोत्यात येणारी साखर कमी होते, उतारा दीडेक टक्क्याने खाली दिसतो. पण शेतकऱ्याच्या उसात साखर कमी नव्हती. ती आपणच दुसरीकडे नेली. म्हणून दराच्या हिशेबाला ती वळवलेली साखर उताऱ्यात परत मिळवून धरावी लागते. तिथल्या वरिष्ठांनी मिळवून धरलेला उतारा दाखवला होता आणि मी वहीतल्या पोत्यांना गाळपाने भागून बसलो होतो. भर बैठकीत म्हणालो, "साहेब, आकडा चुकलाय." ते रागावले नाहीत. दोन वाक्यांत समजावलं आणि पुढे गेले. त्या दिवशी घरी जाताना मोटारसायकलवर मी स्वतःशीच मोठ्याने काहीतरी बोलत होतो.

तेव्हापासून एक सवय लागली. समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा वेगळा आला, की तो आकडा चुकीचा म्हणण्याआधी तो आकडा *कसा* येऊ शकेल ते शोधायचं. नेमका तोच आकडा येणारी वाट सापडली, तर चूक सापडली. नाही सापडली, तर अजून आपल्यालाच काहीतरी माहीत नाही.

त्या रात्री लॅब रजिस्टरचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. पुनर्प्रक्रियेची साखर यंदा शून्य होती. मग महिन्यांचे उतारे घेतले. नोव्हेंबर ९.६०, डिसेंबर १०.८०, जानेवारी ११.४०, फेब्रुवारी ११.८०, मार्च ११.९०. पाचही मिळवले, ५५.५०. भागिले पाच. ११.१०, तंतोतंत.

सापडलं. साहेबांनी पाच महिन्यांच्या टक्केवारीची सरासरी मारली होती. वरवर बघता त्यात खोट दिसत नाही. म्हणूनच ही चूक इतकी माणसं करतात. पण नोव्हेंबर आमच्याकडे पूर्ण महिना नव्हताच. मोळी पडली तेव्हा अर्धा महिना सरलेला. १४ दिवस गाळप, ३५,००० टन. जानेवारीत मात्र ७७,५०० टन. साध्या सरासरीने कोवळ्या उसाच्या त्या चौदा दिवसांना जानेवारीच्या एकतीस दिवसांइतकंच वजन दिलं. नोव्हेंबरचा उतारा नेहमीच कमी असतो, ऊस पक्व झालेला नसतो. आणि तोच कमी आकडा आपल्या लायकीपेक्षा मोठा होऊन सगळ्या हंगामाला खाली ओढत होता.

आता एक दशांश टक्का म्हणजे काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. ऊसवाल्याला वाटणार नाही. त्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. तीन लाख टनांवर ९९ लाख ६० हजार. साठ टन ऊस घातलेल्या माणसाचे जवळजवळ दोन हजार.

खरा उतारा सरकारी फॉर्मात जातो. तिथे आमचं सॉफ्टवेअर एकूण साखरेला एकूण उसाने भागतं, आणि तिथे ११.२०च जाणार होता. म्हणजे कुणाचे पैसे बुडणार नव्हते. मग एवढा जीव टांगणीला का? तर आमच्या भागात दोन शब्द फार जुने आहेत: काटामारी आणि उताराचोरी. वजनात मारतात आणि उताऱ्यात चोरतात, हा कारखान्यांवरचा कायमचा संशय. काही ठिकाणी त्याला आधार असेल, काही ठिकाणी नसेल. संशय मात्र सगळीकडे सारखा. बोर्डात ११.१० सांगितला आणि फॉर्मात ११.२० निघाला, की गावच्या पारावर कुणीही एक्सेलच्या फॉर्म्युल्याची चर्चा करत बसणार नाही. "बोर्डाला एक सांगतात, सरकारला एक" एवढंच वाक्य फिरेल, आणि ते एका प्रामाणिक माणसाच्या नावाने फिरेल. पस्तीस वर्षं ज्याने एका दाण्याची चोरी केली नाही त्याच्या. संचालकांत तर दोघे असे आहेत, की अजेंड्याच्या पाठीवर पेन्सिलीने भागाकार केल्याशिवाय चहा घेत नाहीत.

सकाळी साडेआठला गेलो. साहेब आठलाच येतात आणि नऊपर्यंत केबिनमध्ये एकटे असतात, हे माहीत होतं. रात्रीच फोन का नाही केला? करता आला असता. पण रात्री दहाला "साहेब, एक चूक आहे" म्हटलं की माणसाची झोप जाते, आणि फोनवर ना कागद दाखवता येतो ना समोरच्याचा चेहरा दिसतो. शिवाय दुरुस्तीला दहा मिनिटं पुरणार होती. अडीच तास हाताशी होते. दुरुस्ती मोठी असती तर मात्र रात्रीच फोन केला असता. झोपेपेक्षा वेळ महत्त्वाचा ठरला असता.

सोबत एक कागद नेला. कागदावर साहेबांची स्लाइड नव्हती. लाल गोल नव्हता. फक्त दोन महिने होते.

नोव्हेंबर: ऊस ३५,००० टन, साखर ३३,६०० क्विंटल.
जानेवारी: ऊस ७७,५०० टन, साखर ८८,३५० क्विंटल.

दोन्ही मिळून ऊस १,१२,५०० टन, साखर १,२१,९५० क्विंटल. भागून १०.८४. आणि ९.६० अधिक ११.४० भागिले दोन, १०.५०.

दोनच महिने का? पाच महिन्यांचा तक्ता समोर ठेवला की माणूस तो तपासायला लागतो, कुठे बेरीज चुकली का ते बघतो. दोन ओळींत तपासण्यासारखं काही उरत नाही, कारणच समोर येतं. आणि स्लाइड न नेण्याचं कारण उघड आहे. स्लाइडवर बोट ठेवलं की बोट साहेबांवर ठेवल्यासारखं होतं.

काय म्हणायचं हेही येताना घोळवलं होतं. "साहेब, मला एक कळलं नाही" असली सुरुवात मला आवडत नाही. कळलेलं असतं, न कळल्याचं सोंग समोरच्याला लगेच कळतं, आणि मग चुकीपेक्षा त्या सोंगाचाच राग येतो. आपल्याला कुणीतरी गोंजारून सांगतोय, हे पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सहन होत नाही. शाळकरी नाटकं नकोत.

म्हणालो, "साहेब, सातव्या स्लाइडवरची साखर गाळपाने भागली तर ११.२० येतोय, आपण ११.१० लिहिलाय. री-प्रोसेस यंदा शून्यच आहे ना? तुम्ही कशावर काढलाय?"

हा प्रश्न खरा होता. री-प्रोसेस शून्य आहे हे रजिस्टरात दिसत असलं, तरी मला माहीत नसलेलं काही साहेबांना माहीत असण्याची जागा मी मोकळी ठेवली होती. ती जागा दिखाऊ नव्हती. त्या जुन्या बैठकीनंतर मी ती मनापासून ठेवतो.

साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला, लॅपटॉप उघडला. एक्सेलमध्ये उताऱ्याच्या रकान्याखाली शेवटच्या घरात जाऊन थांबले. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो नाही, समोरच बसून राहिलो. त्यांना दिसत होतं ते मला न बघताही माहीत होतं:

```
=AVERAGE(D4:D8)
```

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझा कागद पुढे ओढला, नोव्हेंबरच्या ३५,००० टनांवर पेनचं टोपण ठेवलं आणि म्हणाले, "चौदा दिवस. चौदा दिवसांना महिन्याचा पगार दिला की मी."

हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. माझ्या मनातल्या स्पष्टीकरणापेक्षा ते चांगलं होतं, आणि ते त्यांचं होतं. फॉर्म्युला त्यांनीच बदलला:

```
=C9/(B9*10)*100
```

बी-मध्ये टनांतला ऊस, सी-मध्ये क्विंटलमधली साखर, म्हणून दहाने गुणायचं. तेही मला सांगावं लागलं नाही. घरात ११.२०४ आलं, त्यांनी दोन दशांशांवर आणलं.

मी उठायला लागलो, तर म्हणाले, "बस." आणि पुढच्या स्लाइडवर गेले. तिथे साखरेचे लॉसेस होते, बगॅसमधला, प्रेसमडमधला, शेवटच्या मळीतला, अनडिटरमाइन्ड. चारही ओळींत महिन्यांच्या टक्केवारीची तीच साधी सरासरी. तिकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं. माझं लक्ष उताऱ्यावर, कारण गावाचं लक्ष उताऱ्यावर. त्यांनी चारही घरं एकेक करून दुरुस्त केली. मी फक्त "११.२० लिहा" म्हणालो असतो, तर त्यांनी ११.२० लिहिला असता आणि आठवी स्लाइड तशीच बोर्डात गेली असती. मग वरचा उतारा एका रीतीने आणि खालचे लॉसेस दुसऱ्या रीतीने, आणि बेरीज कशालाच जुळत नाही, अशी नवी पंचाईत.

नऊ वाजता ग्रुपवर नवी फाइल आली. "सुधारित. स्लाइड ७ व ८ बदलल्या आहेत. जुनी फाइल काढून टाकावी." माझं नाव नव्हतं. ते यावं असं मला वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. नाव आलं असतं तर माझी एकांतातली भेट चव्हाट्यावर आली असती हे कळत होतं, तरीही वाटलं. पण साहेबांनी जुनी फाइल गुपचूप बदलली नाही, "सुधारित" असं लिहिलं, हे मला जास्त बरं वाटलं. कारण एकांतात सांगणं वेगळं आणि झाकून ठेवणं वेगळं. जुनी फाइल पी.ए.कडे गेली होती. कुणी तिचा प्रिंट काढला असता तर दोन उतारे पुन्हा समोरासमोर आलेच असते.

एकांतात सांगणं आणि झाकून ठेवणं यांतली रेघ कुठे पडते, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे, आणि गंमत म्हणजे तेही सरासरीचंच. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला, की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर घसरतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्टमधल्या थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला ते आकडे काही केल्या जुळेनात. त्याने लेखकांकडे त्यांची एक्सेल शीट मागितली, त्यांनी ती दिली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या. शिवाय न्यूझीलंडच्या एका वर्षाला, उणे ७.६ टक्क्यांना, ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतकंच वजन दिलं होतं. आमचा नोव्हेंबर आणि आमचा जानेवारीच तो. सरासरी उणे ०.१ सांगितली होती, हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांच्या हिशेबाने ती २.२ निघाली. फॉर्म्युल्यातली चूक मूळ लेखकांनी मान्य केली. वजनाची पद्धत मात्र आपण विचारपूर्वक निवडली होती असं म्हणाले.

हर्नडनने शीट मागितली ती खाजगीत. पण दुरुस्ती निबंध लिहून जाहीर केली, आणि ते बरोबरच होतं. मूळ आकडा तीन वर्षं जगभर फिरला होता, सरकारांच्या काटकसरीच्या चर्चेत वापरला जात होता. तो केबिनमध्ये बसून मागे घेता आला नसता. आमचा ११.१० सकाळी साडेआठला चौदा मोबाइलांच्या बाहेर गेला नव्हता. तो तासाभरात, जिथे गेला होता तिथेच, परत घेता आला. तोच आकडा दुपारी बोर्डाच्या इतिवृत्तात गेला असता, तर पुढच्या बैठकीत "मागील इतिवृत्तातील दुरुस्ती" म्हणूनच घ्यावा लागला असता, आणि साहेबांना कितीही अवघड वाटलं तरी मी त्यांना तेच म्हटलं असतं. आकडा जिथवर पोचला, दुरुस्तीही तिथवर जाते. एकांत फक्त पहिल्या बोलण्यापुरता.

आणि मला ती चूक रात्री दिसलीच नसती, बैठकीतच, साहेब पडद्यासमोर उभे असताना दिसली असती तर? असं झालेलं मी एकदा पाहिलंय, दुसऱ्यांच्या बाबतीत. आमचे एक जुने मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट होते. त्यांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली, "साखर ÷ गाळप = इतकं येतं", आणि पाण्याच्या ग्लासाबरोबर शिपायाकरवी व्यासपीठावर पाठवली. बोलणाऱ्याने पाणी प्यायलं, चिठ्ठी वाचली, आणि म्हणाला, "एक आकडा मी आत्ता दुरुस्त करून सांगतो." सभेने मानही वर केली नाही. स्वतः दुरुस्त केलेल्या आकड्याकडे लोक बघत नाहीत. दुसऱ्याने दुरुस्त केलेल्याकडे सगळे बघतात. अर्थात त्याच आकड्यावर त्याच मिनिटाला ठराव होणार असेल, दर जाहीर होणार असेल, तर ग्लासाची वाट बघायला वेळ नसतो. तेव्हा हात वर करून बोलावंच. तेव्हाही "चुकलंय" या शब्दाने सुरुवात करायची गरज नसते, "साखर भागिले गाळप केलं तर ११.२० येतोय, एकदा ताडून घेऊ" एवढं पुरतं.

राहता राहिला तो वरिष्ठ, ज्याला कागद दाखवला, कारण दाखवलं, आणि तो म्हणाला, "असू दे, ११.१०च राहू दे." असा माणूस माझ्या वाट्याला आलेला नाही. आला असता तर मी दुसऱ्यांदा कागदावर, तारीख घालून, त्यालाच दिलं असतं. कारण मग ती चूक राहत नाही, आणि चुकीसाठी ठेवलेला आडोसा तिला लागू होत नाही.

बैठकीचं म्हणाल तर सातवी स्लाइड अर्ध्या मिनिटात गेली. भागाकार करणाऱ्या दोघांपैकी एक आलेच नव्हते, लग्नाला गेले होते. दुसऱ्यांनी पेन्सिल काढली, काहीतरी लिहिलं आणि चहाचा कप उचलला. पुढचा पाऊण तास तोडणी टोळ्यांना दिलेल्या आणि बुडालेल्या उचलींवर वाद झाला. उताऱ्याचं नावही कुणी काढलं नाही.

ऑगस्टअखेरीस वार्षिक अहवालाची कच्ची प्रत साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवली. ती ग्रुपवर टाकलेली नव्हती, छापील होती. आकड्यांच्या पानाला क्लिप लावलेली आणि समासात पेन्सिलीने दोन शब्द: "भागून बघ."

मी भागून बघितलं. बरोबर होतं. तरी आणखी एकदा बघितलं.